एका पानाचे अनेक पत्ते

छोट्या संस्थांच्या वेबसाइट सांभाळणं हा माझा धंदा. वाचनालयं, रुग्णांच्या मदत संस्था, दोन-चार शाळा, एखादं मंडळ. यांच्याकडे पैसे थोडे आणि उत्साह भरपूर असतो, त्यामुळे साइट सुरू होतात तशा बंदही पडतात. अध्यक्ष थकतात, नूतनीकरणाचं बिल कुणी भरत नाही आणि एक दिवस डोमेन सुटतं. अशा सुटलेल्या साइटवर कधीकाळी लिहिलेलं काहीतरी अजून कुठेतरी दिसतंय, ते काढून द्या, अशी विचारणा अलीकडे वाढली आहे. त्यातलं एक काम इथे सविस्तर सांगतो, कारण या कामात अडचणीच्या जेवढ्या जागा असतात त्या बहुतेक सगळ्या त्यात होत्या.

सातारा जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयातल्या शिक्षिका. २०१२ साली, बाळंतपणानंतर त्यांना नैराश्याचा मोठा त्रास झाला होता. त्या काळात पुण्यातली एक संस्था अशा स्त्रियांची मनोगतं आपल्या साइटवर छापत असे. बाईंनी तिथे मोकळेपणानं लिहिलं. झोपेच्या गोळ्या, सासरची बोलणी, बाळाला जवळ घ्यावंसंच न वाटणं, सगळं. खाली पूर्ण नाव, गाव आणि ईमेल. संस्था पुढे बंद झाली, साइट गेली, बाईही ते विसरल्या. मग एके दिवशी बारावीच्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या मनोगताचा स्क्रीनशॉट फिरला. वर वेबॅक मशीनची पट्टी स्पष्ट दिसत होती.

संस्थेच्या तेव्हाच्या सचिवांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं, कारण ती साइट मीच बांधली होती. बाईंचा पहिला प्रश्न होता, "साइटच नाही, तर पान कसं काय आहे?"

सॅन फ्रान्सिस्कोतली इंटरनेट अर्काइव्ह ही ना-नफा संस्था ब्रूस्टर केल यांनी १९९६ साली सुरू केली. तेव्हापासून ती जगभरच्या वेबपानांच्या प्रती साठवते आणि २००१ पासून वेबॅक मशीन या नावानं त्या कुणालाही पाहता येतात. मूळ साइट मेली तरी प्रत राहते. किंबहुना त्यासाठीच तो खटाटोप आहे. पण त्यात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. वेबॅक मशीनमध्ये कुणाचं नाव टाकून पानांच्या आतला मजकूर शोधता येत नाही. तिथे पानाचा पत्ता द्यावा लागतो. म्हणजे कुणातरी मुलाच्या हाती तो पत्ता लागला होता. मी बाईंना विचारलं, ही लिंक कुणी कधी कुठे टाकली होती का? आठवेना. घरी जाऊन शोधल्यावर सापडलं: त्यांच्या मावसभावानं २०१२ साली कौतुकानं ती लिंक स्वतःच्या फेसबुकवर टाकली होती, बाईंना टॅग करून. पोस्ट अजून सर्वांना दिसत होती. मुलांनी मॅडमचं प्रोफाइल चाळलं, लिंक दाबली, ती उघडली नाही, मग वेबॅकमध्ये चिकटवली. सतराव्या वर्षी एवढं सगळ्यांना येतं.

त्यामुळे पहिलं काम मावसभावाला फोन. अर्काइव्हला पत्र लिहिण्याआधी किल्ल्या गोळा करायच्या.

दुसरं काम म्हणजे ते पान कुठेकुठे आहे याची यादी. इथे बहुतेक लोक घसरतात. ब्राउझरच्या पट्टीतला एक पत्ता उचलतात, तो पाठवतात, तो बंद होतो आणि तोच मजकूर शेजारच्या पत्त्यावर दिसत राहतो. आमची साइट वर्डप्रेसवर होती. वर्डप्रेसमध्ये एक मनोगत लिहिलं की ते स्वतःच्या पानावर दिसतंच. शिवाय मुखपृष्ठावर, त्या महिन्याच्या यादीत, विभागाच्या यादीत, लेखकाच्या पानावर आणि फीडमध्ये उमटतं. आम्ही छपाईसाठी वेगळी आवृत्ती ठेवली होती, तो आणखी एक पत्ता. मनोगताखाली आलेल्या प्रत्येक प्रतिसादाला ‘उत्तर द्या’ अशी कडी असे आणि त्या काळात तिच्यामुळे पत्त्याच्या शेवटी `?replytocom=` आणि एक आकडा लागून तेच पान पुन्हा नव्या पत्त्यानं तयार होई. माणसाच्या दृष्टीनं ते एकच पान. पानं गोळा करणाऱ्या यंत्राच्या दृष्टीनं प्रत्येक वेगळं.

ही यादी हातानं करायची गरज नाही. वेबॅक मशीनची अनुक्रमणिका सर्वांसाठी खुली आहे. ब्राउझरमध्ये असा पत्ता टाकला की त्या डोमेनच्या साठवलेल्या सगळ्या प्रती ओळीनं येतात (खऱ्या डोमेनच्या जागी इथे नमुन्याचं नाव आहे):

```
https://web.archive.org/cdx/search/cdx?url=example.org/*&fl=timestamp,original,mimetype,statuscode,digest
```

प्रत्येक ओळीत आधी चौदा आकडी वेळ, मग मूळ पत्ता, पानाचा प्रकार, सर्व्हरनं दिलेला प्रतिसाद-क्रमांक आणि शेवटी मजकुराचा ठसा. दोन ओळींचा ठसा तोच असेल तर मजकूर अक्षरशः तोच. ठसा वेगळा असला म्हणून मजकूर बदललाच असेल असं मात्र नाही. कडेचा ‘आतापर्यंतचे वाचक’ हा आकडा बदलला तरी ठसा बदलतो. म्हणून शंका असेल ते पान उघडून पाहायचं.

इंटरनेटवरच्या बऱ्याच मार्गदर्शनांत यादी आटोपशीर व्हावी म्हणून फक्त २०० क्रमांकाच्या, म्हणजे नीट मिळालेल्या पानांच्या ओळी गाळून घ्यायला सांगतात. या कामासाठी ते करू नये. अर्काइव्हच्या यंत्राला पान पूर्वीसारखंच आढळलं तर ते पुन्हा पूर्ण प्रत ठेवत नाही, ‘आधीचीच पाहा’ अशी नोंद करतं. त्या नोंदीत क्रमांकाच्या जागी नुसती आडवी रेघ असते. गाळणी लावली की या नोंदी यादीतून निसटतात आणि आपल्याला वाटतं २०१३ नंतर प्रतच घेतलेली नाही. आमच्या यादीत २०१५ पर्यंतच्या अशा नोंदी होत्या.

त्या चौदा आकड्यांचीही एक गंमत आहे. ती वेळ ग्रिनिचची असते, आपली नाही. `20130817203000` असं दिसलं तर ते आपल्याकडे १८ ऑगस्टच्या पहाटेचे दोन. एखाद्या पानाच्या काही दिवसांपुरत्याच प्रती बंद करायच्या असतील, तेव्हा हा एका दिवसाचा फरक नडतो.

आणि मराठी साइटचं खास दुखणं म्हणजे देवनागरी पत्ते. मनोगताचं शीर्षक मराठीत, त्यावरून वर्डप्रेसनं बनवलेला पत्ताही मराठीत. ब्राउझरच्या पट्टीत तो छान वाचता येतो, पण आत तो टक्क्यांच्या चिन्हांचा असतो. एका ‘क’चे `%E0%A4%95`, म्हणजे नऊ अक्षरं. काना, मात्रा, अनुस्वार यांचे प्रत्येकी आणखी नऊ. वर्डप्रेस हा भाग दोनशे अक्षरांत कापतं, त्यामुळे बाईंच्या लांबलचक शीर्षकातले सुरुवातीचे तीन-चार शब्दच पत्त्यात उरले होते. असा पत्ता देवनागरीत टाइप करून पाठवला तर वाचणाऱ्याला काही कळणार नाही, आणि व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला असेल तर मध्येच तुटलेला असतो. अनुक्रमणिकेत जसा आहे तसाच, टक्क्यांसकट उचलायचा. एक सवलत मात्र आहे: `http` की `https`, पुढे `www` आहे की नाही, हे भेद अनुक्रमणिका स्वतःच पुसून टाकते. तेवढ्यासाठी यादी चौपट करायची गरज नसते.

हे चालू असताना बाईंना एक पथ्य सांगून ठेवलं होतं: कुठेही ‘तपासून पाहायला’ लिंक टाकू नका. आर्काइव्ह डॉट टुडे नावाची दुसरी एक सेवा आहे. तिच्या पहिल्या पानावर दोन चौकटी आहेत. एकीत पत्ता टाकला तर आधीच्या प्रती शोधल्या जातात, दुसरीत टाकला तर त्याच क्षणी नवी प्रत बनते. घाईत माणूस वरची चौकट वापरतो आणि ती नेमकी प्रत बनवणारी आहे. वेबॅकचा पत्ता तिथे टाकला तर वेबॅकमधल्या प्रतीचीही प्रत होते. शिवाय ती सेवा कोण चालवतं हेच उघड नाही आणि तिथून काही काढून घेणं बेभरवशाचं आहे. मी खालच्या चौकटीत शोधलं. नशीब, तिथे काही नव्हतं. गूगलच्या साठवलेल्या प्रतीची चिंता पूर्वी करावी लागे. २०२४ च्या सुरुवातीला गूगलनं शोधनिकालांतली ती कडीच काढून टाकली, त्यामुळे ते दार आता नाही.

मग सचिवांसोबत बैठक झाली. ते सत्तरी ओलांडलेले, कामाचा माणूस. त्यांनी सरळ तोडगा सांगितला, "अहो, सगळी साइटच काढायला सांगा. कटकट नको. उद्या अजून कुणी येईल."

पूर्वी हे फार सोपं होतं. साइटच्या मुळाशी `robots.txt` नावाची छोटी फाइल असते, यंत्रांनी कुठे यावं आणि कुठे येऊ नये हे सांगणारी. तिच्यात या दोन ओळी लिहिल्या की वेबॅक मशीन त्या साइटच्या पुढच्या प्रती घेणं थांबवायचं आणि आधीच्या सगळ्या प्रतीही पडद्याआड करायचं:

```
User-agent: ia_archiver
Disallow: /
```

अजूनही कित्येक ठिकाणी हाच उपाय छापलेला सापडतो. पण त्याची एक वाईट बाजू होती. डोमेन सुटलं आणि दुसऱ्या कुणी ते विकत घेऊन अशी फाइल ठेवली, की आधीच्या मालकाचं वर्षानुवर्षांचं लेखन त्या परक्या माणसाच्या दोन ओळींनी झाकलं जाई. २०१७ साली अर्काइव्हनं जाहीर केलं की शोधयंत्रांसाठी लिहिलेल्या या फायली संग्रहाच्या उपयोगाच्या नाहीत आणि ते त्यांच्यावर विसंबणं कमी करत आहेत. आता विनंती पत्रानं करायची आणि माणूस ती वाचतो. आमच्या बाबतीत तो जुना मार्ग तसाही बंद होता, कारण आमच्या डोमेनवर आता कुणीतरी ऑनलाइन रमीचं दुकान थाटलं होतं.

सचिवांना नाही म्हणण्याचं माझं कारण तांत्रिक नव्हतं. त्या साइटवर इतर अनेक स्त्रियांची मनोगतं होती. काहींनी टोपणनावानं लिहिलेली, काहींनी नावानिशी. मूळ सर्व्हर गेला, संस्थेकडे छापील काही नाही. जगात त्या लेखनाची सर्वांना पाहता येईल अशी प्रत फक्त अर्काइव्हमध्ये आहे. त्यातल्या एकीनंही आम्हाला काढा म्हटलं नव्हतं. एका बाईच्या अडचणीसाठी बाकीच्यांचं बोलणं आपण परस्पर मिटवायचं का? सचिव म्हणाले, "त्यांना तरी कुठं माहीत आहे ते तिथं आहे म्हणून?" हा मुद्दा खरा होता आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. शेवटी तिढा बाईंनीच सोडवला. म्हणाल्या, "माझंच तेवढं काढा. त्या वेळी बाकीच्यांचं वाचूनच मी लिहायला धजले होते."

त्यामुळे काम नाजूक झालं. मनोगताचं पान, त्याची छपाईची आवृत्ती आणि `replytocom`वाले सगळे पत्ते हे पूर्णपणे बंद मागायचे. लेखकाचं पानही पूर्ण, कारण त्यावर फक्त बाईच होत्या. महिन्याच्या यादीत मात्र इतर तिघींच्या मनोगतांचे सुरुवातीचे परिच्छेद होते. त्या प्रत्येकीचं मूळ पान सुखरूप आहे का ते अनुक्रमणिकेत पाहिलं, आहे म्हटल्यावर ती यादीही मागितली. मुखपृष्ठ पूर्ण मागणं मला पटेना. ज्या काळात बाईंचं नाव आणि पहिल्या चार ओळी तिथे झळकत होत्या तेवढ्याच काळातल्या प्रती मागितल्या, तारखा ग्रिनिचच्या. फीडचंही तसंच.

पुढचा प्रश्न, मागणारा कोण? अर्काइव्हला पत्र लिहिताना पत्ते द्यायचे, कोणत्या काळातल्या प्रती नकोत ते सांगायचं, साइट कोणत्या काळात तुमच्या ताब्यात होती ते सांगायचं आणि आपण साइटचे मालक किंवा त्या मजकुराचे लेखक आहोत हे पटवायचं. ‘किंवा लेखक’ हे महत्त्वाचं. साइट आपली नसली तरी लेखन आपलं असल्याच्या जोरावर मागता येतं. पटवण्याचे मार्ग अनेक आहेत. साइट अजून हातात असेल तर तिच्यावरच विनंती लिहून ठेवायची. पानावर छापलेल्या ईमेलवरून पत्र पाठवायचं. डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीनं तुम्हाला मालक म्हणून पाठवलेलं जुनं पत्र पुढे धाडायचं. पानावर तुमची ओळख पटेल असा मजकूर कुठे आहे ते दाखवायचं. आणि काहीच नसेल तर ओळखपत्र.

बाईंचा तो जुना ईमेल कधीच बंद पडला होता. साइट हातात नव्हती. ओळखपत्राची गोष्ट तर आपल्याकडच्या कुठल्याही बाईला सांगायला नको: पानावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. दोन्ही जोडायचं तर विवाह नोंदणीचा दाखला लागतो, आणि तो मराठीत.

त्यातही ओळखपत्र पाठवू नये असंच माझं मत होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट अर्काइव्हवर मोठा सायबरहल्ला झाला. खातेदारांची माहिती गेलीच, शिवाय हल्लेखोर मदतकक्षाच्या जुन्या पत्रव्यवहारापर्यंत पोचले. त्या पत्रव्यवहारात पानं काढण्याच्या विनंत्याही असतात आणि विनंत्यांना लोकांनी जोडलेली कागदपत्रं असू शकतात. एक खासगी गोष्ट झाकण्यासाठी दुसरी तिथे नेऊन ठेवायची, हे मला रुचत नाही. द्यावंच लागलं तर क्रमांक, पत्ता, जन्मतारीख झाकून, नाव आणि फोटो तेवढा ठेवून द्यावं.

इथे सचिव उपयोगी पडले. त्यांनी २००९ पासूनची डोमेन नूतनीकरणाची पत्रं ईमेलमध्ये एका वेगळ्या कप्प्यात जपून ठेवली होती. प्रत्येकात डोमेनचं नाव, त्यांचं नाव आणि मुदत. शिवाय साइटच्या ‘संपर्क’ पानावर, जे अर्काइव्हमध्येही आहे, हाच ईमेल छापलेला होता. ज्या ईमेलवरून आपण पत्र पाठवतोय तोच तिथे दिसतोय, एवढं दाखवलं की ओळखपत्राशिवाय भागतं. म्हणून पत्र सचिवांच्या ईमेलवरून, त्यांच्याच नावानं गेलं. त्यात बाईंचं, लेखिका म्हणून संमती देणारं चार ओळींचं निवेदन.

अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कायद्याखाली रीतसर नोटीस पाठवायचा रस्ताही होता. मनोगत बाईंनी लिहिलेलं, हक्क त्यांचा. पण त्या नोटिशीत खोटं ठरल्यास शिक्षेची जबाबदारी स्वीकारून प्रतिज्ञेवर काही विधानं करावी लागतात, आणि आपली तक्रार खरंतर चोरीची नसते. साध्या विनंतीला नकार आला तर तो मार्ग हाताशी ठेवायचा, असं ठरलं. माझ्या एका वकील मित्रानं आपल्याकडचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा उघडून दाखवला. त्यात माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे खरा, पण कलम ३ म्हणतं की जी माहिती व्यक्तीनं स्वतःच सार्वजनिक केली आहे, तिला हा कायदा लागू नाही. सोबत दिलेलं उदाहरणही आपली मतं ऑनलाइन लिहिता लिहिता स्वतःची माहिती उघड करणाऱ्या व्यक्तीचंच आहे. म्हणजे बाईंची केस जशीच्या तशी कायद्याच्या बाहेर ठेवलेली. मित्र म्हणाला, "विनंतीच कर बाबा. गोड शब्दांत."

पत्र मी इंग्रजीत, एका पानाचं केलं. आधी आम्ही कोण आणि डोमेन कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत आमचं होतं. मग पत्ते, एका ओळीत एक, पूर्ण बंद हवेत ते वेगळे आणि ठरावीक काळापुरते हवेत ते वेगळे. मग कारण, दोन वाक्यांत: पानावर एका खासगी व्यक्तीची आरोग्यविषयक माहिती पूर्ण नावासह आहे आणि तिचा सध्या छळासाठी वापर होतो आहे. आणि एक वाक्य मुद्दाम: बाकीची साइट कृपया तशीच राहू द्या. आजाराचं नाव, कॉलेजचं नाव, मुलांचा प्रताप यातलं काही लिहिलं नाही. पत्र वाचणाऱ्याला निर्णयासाठी ते लागत नाही. पत्र पाठवण्याआधी त्या पानाची पूर्ण प्रत, तारीख-वेळेसकट, बाईंच्या पेन ड्राइव्हवर उतरवून दिली. प्राचार्यांकडे किंवा पोलिसांत जायची वेळ आली, तर पान बंद झाल्यावर दाखवायला हातात काही उरत नाही.

उत्तर यायला वेळ लागतो हे बाईंना आधीच सांगितलं होतं. आधी पोच देणारं आलं, पुढे विनंती तपासून पत्ते बंद केल्याचं कळवणारं. मग मी यादीतला एकेक पत्ता, वेगवेगळ्या तारखांनी, ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडून पाहिला. मनोगताच्या पानावर आता एकच वाक्य येतं: ‘This URL has been excluded from the Wayback Machine.’ मुखपृष्ठाच्या मागितलेल्या तारखा बंद, अलीकडच्या-पलीकडच्या चालू. बाकीच्या मनोगतांना धक्का नाही. सचिवांनी स्वतः दोन-तीन उघडून वाचली.

बाईंनी मात्र ते वाक्य बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे इथं काहीतरी होतं, हे कळतंच की." कळतं. ज्या पानाची प्रत कधी घेतलीच नव्हती त्याला वेबॅक वेगळं सांगतं, आणि वगळलेल्याला वेगळं. आणि वगळणं म्हणजे पुसणंही नाही. हजारो पानं एका मोठ्या फायलीत बांधून ठेवलेली असतात; त्यातलं एक कातरून काढण्याऐवजी ते दाखवायचं नाही, अशी नोंद होते. जगाला ते दिसत नाही एवढंच आपण मिळवलं. हे मी त्यांना आधी सांगितलं होतं, तरी पडद्यावर पाहिल्यावर ते नव्यानं कळतं. मुलांच्या फोनमधला स्क्रीनशॉट तर यातल्या कशानंच जात नाही. त्यासाठी त्यांनी प्राचार्यांशी बोलायचं ठरवलं, पेन ड्राइव्ह घेऊन. फरक इतकाच की आता कुणी ‘लिंक दे’ म्हणालं तर द्यायला लिंक नाही.

कॉमन क्रॉल नावाचा आणखी एक सार्वजनिक साठा आहे, वेबपानांच्या प्रचंड प्रती संशोधकांना आणि कंपन्यांना उतरवून घेता येतात असा. त्याच्याही अनुक्रमणिकेत आमचं डोमेन शोधलं. मुखपृष्ठ होतं, तेही नंतरच्या वर्षांतलं, बाईंचं नाव नसलेलं. असतं तर फारसं काही करता आलं नसतं, कारण तिथून आधीच कुणीकुणी काय उतरवून नेलंय याला गणती नसते.

राहता राहिली आमचीच कागदपत्रं. या कामापायी माझ्या संगणकावर बाईंच्या मनोगताची प्रत, त्यांच्या नावानिशी पत्त्यांची यादी आणि लागलाच तर असावा म्हणून घेतलेला विवाह दाखल्याचा फोटो असा ऐवज जमला होता. जिथे तिथे विखुरलेलं होतं ते आधी एका फोल्डरमध्ये गोळा केलं. पत्रव्यवहाराचा संदर्भ क्रमांक आणि बंद झालेल्या पत्त्यांची यादी, नाव वगळून, सचिवांकडे ठेवली. कधी त्यातलं एखादं पान पुन्हा उघडलेलं दिसलं तर तेवढंच लागेल. बाकीचं संगणकावरून, ईमेलच्या ‘पाठवलेल्या’ कप्प्यातून आणि रोज रात्री आपोआप होणाऱ्या बॅकअपमधून काढलं. बॅकअपमधून काढायला सगळ्यात जास्त वेळ गेला.